‘प्रश्न नीट वाचा’

मंदाकिनी रिसबूड उत्तरपत्रिकेवर फार लिहीत नसत. चुकीच्या आकड्याखाली एक रेघ, समासात गुण, आणि क्वचित तीन-चार शब्द. पण ते शब्द असे असत की विद्यार्थ्याला ते वर्षभर आठवत. एकदा एका मुलाने नफ्याच्या जागी तोटा मांडला, तेव्हा त्यांनी समासात लिहिलं होतं, “दुकान आपले नसावे.” अभ्यास केंद्रातली मंडळी ही वाक्यं चहाच्या वेळी एकमेकांना सांगत. मंदाकिनीबाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हे केंद्र स्वारगेटच्या एसटी स्थानकामागे, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. नोकरी सांभाळून विपणनाची पदविका घेणाऱ्यांसाठी पत्राद्वारे शिक्षण, आणि शनिवारी दुपारी शंकानिरसनाचा वर्ग. मंदाकिनीबाई तिथे सात वर्षं येत होत्या. ही गोष्ट २०१३ सालची, म्हणजे त्यांना अडुसष्टावं चालू होतं.

त्याआधीची अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. एकोणीसशे सदुसष्ट साली त्या तिथे लागल्या तेव्हा फोनसाठी नाव नोंदवायचं आणि वाट बघायची, हीच रीत होती. आठ वर्षं, नऊ वर्षं. शनिवार पेठेतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांचा नंबर नऊ वर्षांनी लागला, तेव्हा ते खिडकीवर पेढे घेऊन आले होते. मंदाकिनीबाई गमतीने म्हणत की आमच्या खात्यात सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी शब्दच नव्हता, कारण जात कोण होतं? मेलेल्या माणसाचा फोनसुद्धा मुलाच्या नावावर होई.

मग उदारीकरण आलं आणि त्यामागोमाग मोबाईल. सत्त्याण्णव साली, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि विपणन शिकायला बसल्या. बाकी वर्ग बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांचा. आपल्यावर काय येतंय ते निदान कळावं, एवढाच हेतू. कळलं ते असं की ज्या खिडकीवर नाव नोंदवायची रांग असे, तिथेच पुढे फोन परत करण्याची, म्हणजे सरेंडरची, रांग लागू लागली. २००४ च्या मार्चमध्ये ते डॉक्टर पुन्हा आले, फोन जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून. फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना होता. डॉक्टर म्हणाले, “लिहा, गरज उरली नाही.” मंदाकिनीबाईंनी लिहिलं. त्या दिवसाच्या त्यांच्या वहीत सरेंडरचा आकडा एकेचाळीस आहे आणि पुढे काही नाही.

निवृत्तीनंतर त्या केंद्रात शिकवू लागल्या, उत्तरपत्रिका तपासू लागल्या, आणि मराठीतून परीक्षा देण्याची सोय झाली तेव्हा प्रश्नपत्रिकेचं मराठी करण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. इंग्रजी शाळेत शिकूनही मराठी त्यांची काटेकोर होती. खरं तर म्हणूनच होती. नन्सच्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल चार आणे दंड भरलेली माणसं ती भाषा जपून वापरतात.

त्या कामासाठी दोन वर्षांपूर्वी शब्द ठरवायची एक बैठक झाली होती. तिथे महिपती देवधर होते. विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी अभ्यासपुस्तिका त्यांनी मराठीत केली होती. इंग्रजीत ज्याला ‘चर्न’ म्हणतात, म्हणजे ठरावीक काळात शंभरातली किती गिऱ्हाइकं आपल्याला सोडून जातात ते प्रमाण, त्याला देवधरांनी ‘गळती’ म्हटलं होतं. मंदाकिनीबाईंनी चष्मा खाली करून विचारलं होतं, “अहो देवधर, ग्राहक म्हणजे काय छप्पर आहे गळायला?” बैठक हसली. देवधरही हसले, पण जरा कमी. मग बाईंनी शब्दकोश उघडून दाखवला. मूळ शब्दाचा अर्थ घुसळणे, ढवळणे. बाजारात माणसं अशीच ढवळून निघतात. तेव्हा ‘मंथन’. शब्द भारदस्त होता, कानाला बरा होता, आणि बाईंच्या पुढे बोलणार कोण? प्रश्नपत्रिकेत ‘मंथन दर’ गेला. पुस्तिका आधीच छापून झाली होती, तिच्यात गळती तशीच राहिली. दोन्ही कागद एकाच विद्यार्थ्याच्या हातात पडणार आहेत, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

एप्रिलच्या परीक्षेत चौथा प्रश्न बारा गुणांचा होता. केबलमधून इंटरनेट देणारी एक कंपनी. एका गिऱ्हाइकामागे खर्च वजा जाता महिन्याला दोनशे रुपये सुटतात. जाहिरात आणि विक्रीवर बारा लाख खर्चून तिने सहाशे नवी गिऱ्हाइकं मिळवली. मासिक मंथन दर चार टक्के. मग तिने फुकट जोडणीची योजना काढली. तेवढ्याच बारा लाखांत, जोडणीचा खर्च धरून, आठशे गिऱ्हाइकं आली. त्यांचा मंथन दर आठ टक्के. कंपनी देते त्या मॉडेमची हमी चोवीस महिन्यांची. कोणती पद्धत पुढे चालू ठेवावी, कारणांसह सांगा. हमीचं वाक्य विद्यार्थी फसतो का ते पाहण्यासाठी घातलेलं होतं; उत्तराशी त्याचा संबंध नव्हता.

मे महिन्यात मराठीतल्या अकरा उत्तरपत्रिका बाईंकडे आल्या. त्यातल्या एकीत अक्षर बारीक, ओळी सरळ, गणित स्वच्छ. पण मंथन दराला हातच लावलेला नाही. दोन्ही पद्धतींत गिऱ्हाईक चोवीस महिने धरलेलं, म्हणून दोन्हीकडे चार हजार आठशे. मग साहजिकच जी पद्धत पंधराशेत गिऱ्हाईक आणते ती बरी, असा निष्कर्ष. म्हणजे बरोबर उलटा. बाईंनी गिऱ्हाईक मिळवण्याच्या खर्चाचे दोन गुण दिले, बाकीच्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं, “प्रश्न नीट वाचा.”

जूनच्या तिसऱ्या शनिवारी वर्ग संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. पूर्णिमा ठोंबरे. मूळची हिंगोलीकडची, चार वर्षांपासून मांजरी गावात राहणारी, तिथल्याच एका केबल-इंटरनेटवाल्यांच्या शाखेत नोकरीला. बसने दीड तास करून यायची आणि पहिल्या बाकावर बसायची, पण वर्षभरात तिने तोंड उघडून प्रश्न विचारल्याचं बाईंना आठवत नव्हतं. आज तिच्या हातात उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती. फी भरून मागवलेली.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. तिला पस्तीस गुण पडले होते, पाच कमी. शाखेत पर्यवेक्षकाची जागा निघाली होती. मालक म्हणाले होते, पदविका हाती आली तर जागा तुझी, नाहीतर एक जुलैला बाहेरचा माणूस येईल. पुनर्तपासणीचा अर्ज सोमवारी बंद होणार होता. पण अर्ज करायचा तर चूक काय झाली हे तरी कळायला हवं. इंग्रजी शब्दही तिने पाहिला होता, मराठी प्रश्नाच्या खाली बारीक छापलेला होता, आणि घरी येऊन कोशात शोधलाही होता. तिथे घुसळणे असंच दिलं होतं.

तिने छायाप्रत बाईंपुढे ठेवली आणि समासातल्या शब्दांवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे ज्यांनी लिहिलं त्यांना विचारता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. नीट म्हणजे कसं वाचायचं होतं?”

तपासणाऱ्याचं नाव विद्यार्थ्याला कळत नाही, तो नियमच. बाईंनी स्वतःचं उजवीकडे झुकलेलं अक्षर ओळखलं. छायाप्रतीत लाल शाई काळी झाली होती, आणि काळ्यात ते शब्द अधिकच कडक दिसत होते. क्षणभर त्यांच्या मनात आलं की सांगून टाकावं. मग त्यांना वाटलं, आधी ऐकून घ्यावं.

“मंथन म्हणजे काय समजलीस तू?”

“घुसळणं. ताक घुसळतो तसं.” पूर्णिमा थोडी चाचरली. “म्हणलं, शंभरातली चार गिऱ्हाइकं महिन्याला इकडची तिकडं होत असतील. आमच्याकडं होतात की, दोन एमबीची योजना सोडून चारची घेतात. पण ताक कितीबी घुसळलं तरी भांड्यातच राहतं ना मॅडम. बाहेर जात नाही. मग किती बाहेर जातात ते प्रश्नात कुठंच दिसंना, म्हणून मी हमीचे चोवीस महिने धरले. तसं लिहिलंय मी.”

तिने पान उलटलं. खरंच लिहिलं होतं, बाईंच्या रेघेच्याच खाली: ‘किती गिऱ्हाइके सोडून जातात हे दिलेले नाही. म्हणून दोन्हीकडे २४ महिने गृहीत धरले आहेत. सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वेगळे असल्यास निर्णय बदलू शकेल.’

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मे महिन्यात त्यांनी ते वाचलंच नव्हतं. आकडा चुकलेला दिसला आणि पेन चाललं.

“पुस्तिका आहे तुझ्याकडे?”

होती. पिशवीत, खाकी कव्हर घातलेली. सातव्या प्रकरणात पूर्णिमाने पेन्सिलीने खूण केली होती, आणि तिथे देवधरांचा शब्द स्वच्छ छापलेला होता: गळती दर. बाईंनी ही पुस्तिका कधी पुरती वाचली नव्हती. देवधरांचं मराठी त्यांना अळणी वाटे.

“समज, प्रश्नात मंथनाच्या जागी गळती असं छापलं असतं, तर?” त्या म्हणाल्या. “इथेच करून दाखव.”

पूर्णिमाने पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. दरमहा शंभरातले चार गळतात, म्हणजे गिऱ्हाईक सरासरी एक भागिले चार टक्के, पंचवीस महिने टिकतं. पंचवीस गुणिले दोनशे, पाच हजार. मिळवायला लागले दोन हजार. हातात उरले तीन. फुकट जोडणीवाले आठ टक्क्यांनी गळतात, म्हणजे टिकतात साडेबारा महिने. त्यांचं मोल अडीच हजार. मिळवायला लागले पंधराशे. उरले एक हजार.

इथपर्यंत केंद्राच्या नमुना उत्तरातही होतं. पण ती थांबली नाही. पेन्सिल पुन्हा वरच्या आकड्यांवर नेऊन म्हणाली, “आता मालक काय म्हणतील ठाऊक आहे का मॅडम? म्हणतील, पंधराशेचं गिऱ्हाईक साडेसात महिन्यांत पैसे फेडतं, दोन हजाराचं दहा महिने घेतं. मग स्वस्तातलंच आणा. आणि आठशे येतात, सहाशे नाही. तेपण खरंय. पण आठशे गुणिले एक हजार, आठ लाख. सहाशे गुणिले तीन हजार, अठरा लाख. खर्च तेवढाच. स्वस्तातलं गिऱ्हाईक फेडून होतं आणि पाच महिन्यांत निघूनबी जातं.”

मग जरा हसून म्हणाली, “आमच्या शाखेत दीड वर्षामागं दिवाळीला हेच झालं. फुकट जोडणी म्हणल्यावर अख्खी सोसायटी आली. वर्षभरात निम्म्याच्या वर गेली. मीच त्यांचे मॉडेम परत आणायला फिरत होते.”

बाईंना टॉवेलमधला फोन आठवला. ज्या गोष्टीला आपण आयुष्याची उतरती वर्षं रोज खिडकीवर तोंड दिलं, जिचा आकडा रोज रात्री वहीत लिहिला, तिला आपण शब्द शोधायला निघालो तेव्हा कोशातल्या ताकात हात घातला. एकेचाळीस माणसं काही ढवळून निघाली नव्हती. ती गेली होती.

“पूर्णिमा,” त्या म्हणाल्या, “हे समासातलं मी लिहिलंय. आणि तो शब्दही माझाच आहे.”

मुलगी गडबडून उठायला लागली. बाईंनी तिला हाताने बसवलं. सॉरीबिरी म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. “तू प्रश्न नीट वाचलास. मी उत्तर वाचलं नाही,” एवढंच म्हणाल्या, आणि सोमवारची वाट न बघता अर्ज आजच भर म्हणून तिला ऑफिसात पाठवलं.

केंद्राचा समन्वयक सलिल गद्रे आतल्या खोलीत होता. हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून आलेला, पस्तिशीचा, सज्जन आणि नियमाला भिणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की मॅडम, प्रॉब्लेम समजतो, पण पेपरवर छापलंय की शंका असल्यास इंग्रजी प्रश्न प्रमाण मानावा. बाईंनी विचारलं की कोशात इंग्रजी शब्दाचाही अर्थ घुसळणे असाच निघतो, तर प्रमाण मानून मुलीने काय करायचं होतं, लोणी काढायचं? सलिल हसला. मग त्याने वाट काढली. समितीला सांगून तीन कृपागुण देता येतील, शब्दाची भानगड कागदावर यायची गरज नाही, आपलं नावही मध्ये येणार नाही.

“तिला पाच कमी आहेत.”

“पाचाचं बघतो मॅडम. कसंतरी बसवू.”

“आणि बाकीचे दहा जण?”

 बाकीच्या दहांचा सलिलने विचार केला नव्हता. बाईंनी केला होता, खोलीत येईपर्यंतच्या वीस पावलांत. त्या दहांत एकाने लिहिलं होतं की मंथनातून नेहमी चांगलं तेच वर येतं, म्हणून जास्त दराची पद्धत उत्तम. त्यावर त्या मे महिन्यात मनसोक्त हसल्या होत्या.

“कृपा कोणी कोणावर करायची ते आधी ठरू द्या, सलिल. चूक माझी, आणि कृपा तिच्यावर? मी लिहून देते. शब्द बदलला, तो पुस्तिकेत नव्हता, म्हणून मराठी उत्तरं फिरून तपासावीत, ज्याने गृहीतक लिहून हिशेब सुसंगत केला त्याला रीतीचे गुण द्यावेत. आणि तपासणारा दुसरा असावा.”

सलिलने पेन खाली ठेवलं. चुकूनही वर न बघता त्याने सांगितलं की असं लेखी आलं तर नियमाप्रमाणे भाषांतरकाराचं नाव तीन वर्षं यादीतून निघतं. तपासनिसाचंही.

“तीन वर्षांनी मला एकाहत्तरावं चालू असेल. म्हणजे सरळ सांगा ना, काढून टाकतो म्हणून. नियमाला कशाला पुढे करता?”

“मॅडम, मला काढायचं नाहीये. म्हणून तर सांगतोय.”

ते खरं होतं, आणि बाईंना ते कळलं. हे काम गेलं तर शनिवार रिकामा होणार होता. निवृत्तीनंतर आठवड्याला आकार होता तो या जिन्यामुळेच. त्या उभ्या राहून खिडकीतून खाली बघत राहिल्या. खाली सातारची गाडी लागली होती आणि कंडक्टर उभ्याउभ्या डबा खात होता. मग त्या खुर्चीत बसल्या, सलिलकडून कोरा कागद मागून घेतला आणि तारीख घातली. निवेदन पाऊण पान झालं. त्यात एक वाक्य त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं: ‘पुस्तिकेतील श्री. महिपती देवधर यांचा शब्द अचूक असून तो मी केवळ माझ्या आवडीनिवडीमुळे बाजूला ठेवला.’

पुनर्तपासणी कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी केली. अकरांपैकी चौघांचे गुण वाढले, सातांचे तेवढेच राहिले. चांगलं तेच वर येतं म्हणणाऱ्याला कोल्हापूरकरांनीही काही दिलं नाही. पूर्णिमाला चौथ्या प्रश्नात दोनाचे नऊ झाले. एकूण बेचाळीस. निकाल एकोणतीस जूनला, शनिवारी लागला. शंकानिरसनाचा वर्ग त्या दिवशी होता, पण शिकवायला दुसरे गृहस्थ आले होते. समितीने यादीतून नाव काढलं तसं सलिलने वर्गाचंही वेळापत्रक बदललं होतं. नाइलाजाने, असं त्याने फोनवर तीनदा सांगितलं.

पूर्णिमा त्या दिवशी केंद्रातून पत्ता मिळवून बाईंच्या घरी आली. पेढे आणले होते. बाईंनी पेढ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं की सोमवारी खुर्चीवर बसल्यावर पहिलं काम काय करणार. पूर्णिमा म्हणाली की मॉडेम परत करणाऱ्याकडून फॉर्म भरून घेतात, त्यात का सोडताय हे कोणी विचारतच नाही. तो रकाना घालून घेणार आहे.

“नुसता घालू नकोस,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे होता. आम्ही भरून घेत होतो, वाचत नव्हतो. दर शनिवारी वाच. जमत नसेल तर इथे घेऊन ये, मला आता शनिवारी वेळ असतो.”

ती गेल्यावर त्यांनी शब्दांची वही काढली. ‘मंथन’वर पट्टी ठेवून एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘गळती’. कंसात ‘म. दे.’ असं लिहिलं. मग बराच वेळ टाळलेलं काम करायला त्या फोनपाशी गेल्या. फोन अजून खात्याचाच होता. देवधरांनी चौथ्या घंटेला उचलला. बाईंनी झालं ते सगळं क्रमाने सांगितलं, निवेदनातलं ते वाक्यही वाचून दाखवलं. 

मग देवधर म्हणाले, “म्हणजे मंदाकिनीबाई, छप्पर गळतच होतं तर.”

“हो,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षं. आणि मी खाली ताक घुसळत बसले होते.”

या वेळी देवधर पुरते हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं की पुस्तिकेची दुसरी आवृत्ती करायची आहे, आपण एकदा नजर घालाल का? त्याला यादीबिदी लागत नाही, पैसेही नाहीत. बाई म्हणाल्या की बघते, पण तुमचं मराठी फार अळणी आहे हो, ते तेवढं मला सहन होईल की नाही सांगता येत नाही. बुधवारी या. येताना पूर्ण पुस्तिका आणा. या वेळी पहिल्या पानापासून वाचते.